कॉलेज फेस्ट, विषय 'पुन्हा नव्याने': प्रायोजकांच्या बॅनरवर आणि टी-शर्टवर काय लिहावं?

पंचगंगाकाठ

नमस्कार मंडळी. आमचं कॉलेज इचलकरंजीत आहे. यंदाच्या फेस्टचा विषय समितीने 'पुन्हा नव्याने' असा ठरवला आहे. घोषवाक्यांचं काम माझ्याकडे आलंय आणि त्यासाठी तुमची मदत हवी आहे.

प्रायोजक तीन. मुख्य प्रायोजक गावातलं जुनं मिठाईचं दुकान, तिसरी पिढी गल्ल्यावर बसते. दुसरे एक सूत व्यापारी. तिसरा एक खासगी क्लास. गेटवर १२ बाय ६ फुटांचा एक मोठा बॅनर लागणार, आत प्रत्येक प्रायोजकाचा एकेक छोटा. शिवाय स्वयंसेवकांसाठी १५० टी-शर्ट, गडद निळे.

आत्तापर्यंत सुचलेल्या ओळी:

जुनं विसरा, नवं घडवा
कात टाका, झेप घ्या
बदल हवाच!
नवी विटी, नवं राज्य
कायापालट
राखेतून भरारी

समितीला 'जुनं विसरा, नवं घडवा' सगळ्यात जास्त आवडली आहे. बॅनर आणि टी-शर्ट दोन्हीकडे तीच टाकायची म्हणतायत. तुमचं काय मत?

सदाफुली

प्रायोजकांना पत्र पाठवताना सुरुवात 'महोदय' अशी करावी आणि देणगीची रक्कम शेवटच्या परिच्छेदात घालावी. सोबत मागच्या वर्षीचे फोटो जोडा. आमच्या कॉलेजात याचा फार उपयोग झाला होता.

पंचगंगाकाठ

धन्यवाद सदाफुली ताई, पण प्रायोजक ठरलेत. आता फक्त बॅनरवरच्या ओळी हव्या आहेत.

निशिगंध

मी मुंबईत जाहिरातीच्या कॉपी लिहिते, म्हणून थोडं सविस्तर लिहिते.

'जुनं विसरा' ही ओळ मुख्य प्रायोजकाच्या नावाशेजारी ठेवून वाच. त्या दुकानाची सगळी पत कशावर उभी आहे? आजोबांच्या हातच्या चवीवर. पाटीवर स्थापनेचं साल असेल, नातू ते अभिमानाने सांगत असेल. त्याच्याच पैशातून झालेल्या बॅनरवर, त्याच्याच नावाच्या वर 'जुनं विसरा'. गेटसमोरून जाणाऱ्या माणसाला ही ओळ कोणाची आणि बोधचिन्ह कोणाचं असा हिशेब करायला वेळ नसतो. त्याच्या डोळ्याला ते दोन्ही मिळून एकच वाक्य दिसतं.

प्रायोजक असलेल्या बॅनरची ही पहिली अट धर: ओळ आणि नाव जोडून वाचायचं. तुझ्या यादीला हीच चाळणी लावते.

'कात टाका' एरवी ठीक आहे. पण उद्या एखादा त्वचारोगतज्ज्ञ सहप्रायोजक झाला, तर ती त्याच्या नावावर नको. 'बदल हवाच' एखाद्या नगरसेवकाच्या शुभेच्छा-फोटोशेजारी लागली की निवडणुकीची घोषणा झाली. आचारसंहिता चालू असेल तर प्राचार्यांना फोन येईल. 'नवी विटी, नवं राज्य' ऐकायला खेळकर आहे, पण आपल्याकडे ती बोलली जाते खुर्ची बदलली की, त्यामुळे क्लासच्या बॅनरवर तिचा अर्थ जुने सर गेले, नवे आले असा होईल. 'राखेतून भरारी' घेणाऱ्याचं आधी काहीतरी जळालेलं असावं लागतं, आणि कुठल्याच दुकानदाराला ते आवडणार नाही.

विषयाबद्दलही एक सांगते. 'पुन्हा' हा शब्द ओळीच्या सुरुवातीला आणि 'मी'च्या जवळ आणू नकोस. २०१९ पासून महाराष्ट्रात 'मी पुन्हा येईन' म्हटलं की लोकांना राजकारण आठवतं. टी-शर्टवर तसं काही दिसलं तर मुलं दिवसभर तेच म्हणत फिरतील आणि तुमचा विषय बाजूला पडेल.

मागवाला_आबा

आमचं गाव मागाचं आहे, मग मागाचं काहीतरी घ्या की. विठ्ठलराव दातारांनी इचलकरंजीत पहिला यंत्रमाग आणला तो १९०४ साली. तिथून हातमागाचं गाव यंत्रमागाचं झालं. आता साधे माग भंगारात जाऊन रॅपिअर, एअरजेट असे नवे माग बसतायत. नव्याने उभं राहणं याहून वेगळं काय असतं? तुम्ही कुठल्या राखा आणि पक्षी शोधताय?

माझ्या दोन ओळी घ्या:

धोटा गेला, ठेका राहिला
नवा माल, नवी चाल

निशिगंध

आबा, पहिली ओळ ऐकूनच अंगावर काटा आला. रॅपिअर आणि एअरजेटला आडवा धागा इकडून तिकडे नेणारा धोटा नसतो ना? मग ही ओळ तुमच्या गावाशिवाय दुसरं कोणी लिहूच शकत नाही. पंचगंगाकाठ, तुला जे हवंय ते इथेच आहे.

दुसऱ्या ओळीला मात्र माझा ठाम विरोध. बाजारात माल म्हणजे कापड, हे मला कळतं आणि तुमच्या मनात तेच आहे हेही कळतं. पण ती ओळ एकोणीस वर्षांच्या मुलीच्या छातीवर छापली गेली की वाचणाऱ्याच्या डोक्यात कापड येत नाही. तो टी-शर्ट घालून तिला बसने घरी जायचं असतं. 'कायापालट'चंही तेच. व्यायामशाळेच्या बॅनरवर चालेल, अंगावर आला की तो घालणाऱ्याच्या शरीरावरचा शेरा होतो.

बॅनर भिंतीवर असतो, तिथे संस्था बोलते. टी-शर्टवर माणूस बोलतो. म्हणून एकच ओळ दोन्हीकडे टाकायची म्हटलं की बहुतेक वेळा फसतं.

मागवाला_आबा

बरोबर आहे तुमचं, माल नको. माझ्या दोन नाती कॉलेजात आहेत.

सायझिंगवाला

आबांची पहिली ओळ छान आहे, पण त्यात एक खोट आहे आणि आमच्या गावात ती लगेच पकडली जाईल. 'ठेका राहिला' खरं नाही. साध्या मागाचा खटाक-खटाक आवाज धोट्याच्या फेकीचा. धोटा गेला की ठेकाही गेला. एअरजेटच्या शेडमध्ये उभे राहा, सलग घोंघाट ऐकू येतो, ठेका धरता येत नाही. मागवाल्याच्या पोरानेच हे सांगितलं तर गेटवर हसं होईल.

राहतं काय? वीण. उभा धागा, आडवा धागा, एक वर एक खाली, ते तसंच. म्हणून असं करा:

धोटा गेला, वीण राहिली

रंकाळ्याचा_वारा

+१. शिवाय ऐकायला पण बसते.

पण एक शंका. बाहेरगावच्या कॉलेजांची मुलं येणार. सांगली-कोल्हापूरच्या पोरांना धोटा माहीत असेल का?

निशिगंध

चांगला प्रश्न. पुण्याहून आलेल्या मुलाला कदाचित माहीत नसेल. शिवाय 'गेला' हा शब्द दुकानदाराच्या बॅनरवर मला खटकतो. माझ्या मते धोट्याची ओळ आतल्या प्रदर्शनासाठी ठेवा. तिथे शेजारी खरा धोटा ठेवता येईल, म्हणजे कोणाला काही सांगावं लागणार नाही. मागवाल्यांच्या घरी माळ्यावर नक्की सापडेल.

गेटसाठी त्याच धाग्यावरची सोपी ओळ:

धागा तोच, वीण नवी

जुन्याचा मान राखला जातो, नव्याचं नाव येतं, आणि मागाचं काहीही माहीत नसलेल्यालाही समजते. मिठाईवाल्याच्या नावाशेजारी ठेवून बघितली, चालते.

कोथरूडकर

आमच्या गणेश मंडळाच्या टी-शर्टवर आम्ही दरवर्षी 'गणाधीश मित्र' छापतो, पाठीवर प्रायोजक बेकरी. कापड फार पातळ निघालं, दोन धुण्यांत बनियन झालं. १८० जीएसएमच्या खालचं घेऊ नका. घोषवाक्याचं मला काही कळत नाही, पण कापड नीट घ्या.

सायझिंगवाला

'धागा तोच, वीण नवी' गेटवर ठीक आहे. पण सूत व्यापाऱ्याच्या बॅनरवर नको. मी या धंद्यात आहे म्हणून सांगतो. सुताच्या दुकानावर 'धागा तोच' लिहिलं की अर्थ होतो याच्याकडे अजून जुनंच सूत आहे, नवीन काउंटचं म्हणजे वेगळ्या जाडीचं सूत नाही, मिश्र सूत नाही. त्याची सगळी धडपड नवीन धागा दाखवायची असते. पैसे देऊन तो स्वतःची ही जाहिरात कशाला करेल?

निशिगंध

वा, हे मला बाहेरून कधीच दिसलं नसतं. मिठाईवाल्याला जुनेपण हवंय, सूतवाल्याला नवेपण. एकाच ओळीने दोघांना खूश करता येणार नाही. म्हणून गेटवर फेस्टची स्वतःची ओळ ठेवू आणि आतल्या बॅनरवर प्रत्येकाला त्याची वेगळी.

मिठाईवाले: चव तीच, पंगत नवी
सूत व्यापारी: सूत तुमचं, वीण आमची
क्लास: कोरी वही, नवी सही

मधली ओळ मी मुद्दाम उलट्या बाजूने लिहिली आहे. तिथे फेस्टमधली मुलं प्रायोजकाला सांगतायत की आधार तुमचा, कलाकारी आमची. प्रायोजकत्वाचं नातं नेमकं तेच असतं, आणि त्याचं सूत जुनं की नवं हा प्रश्नच उरत नाही.

फक्त एक काळजी घ्या. 'अमुक तोच, तमुक नवी' हा साचा गेटवर एकदा आणि मिठाईवाल्याकडे एकदा, एवढाच. तिसऱ्या बॅनरवर पण आला की कोणीही पुढची ओळ आधीच ओळखेल. म्हणून क्लासची वेगळ्या चालीची ठेवली आहे.

रंकाळ्याचा_वारा

सूत व्यापाऱ्यासाठी 'सूत जुळलं!' का नको? दोन शब्द, लगेच लक्षात राहतं. टी-शर्टच्या पाठीवर पण मस्त दिसेल.

पंचगंगाकाठ

आमच्या ग्रुपवर टाकलं. मुलं उड्या मारतायत. मुलींमध्ये दोन तट पडलेत. काहींना खूप आवडलंय. काही म्हणतात, हे घालून गावात फिरलो तर घरी पन्नास प्रश्न विचारतील, कोणाशी जुळलं म्हणून.

निशिगंध

बॅनरवर बिनधास्त टाका, सूतवाल्याला शोभून दिसेल. टी-शर्टवर मी टाकणार नाही. तिथे घालणाऱ्या सगळ्यांना ते शब्द आपले वाटले पाहिजेत. गणवेशासारखा टी-शर्ट स्वयंसेवकाला निवडता येत नाही, घालावाच लागतो.

रंकाळ्याचा_वारा

मला हे पटत नाही. मग तरुणांच्या फेस्टमध्ये गंमतच करायची नाही का? सूत जुळणं म्हणजे मैत्री होणं सुद्धा.

निशिगंध

मैत्रीचा अर्थ आहेच, नाही कुठे म्हणते. पण ज्यांना ते घालायचंय त्यांच्यातल्याच काही जणी नको म्हणतायत, मग आपण बाहेरच्यांनी ताणू नये. समितीतल्या मुलींनाच ठरवू दे.

पंचगंगाकाठ

टी-शर्टसाठी मी लिहिलेलं: पुढे 'मी नव्याने विणतोय', मागे फेस्टचं नाव आणि प्रायोजक. कसं वाटतं?

खडूफळा

मी मराठी शिकवते. 'विणतोय' मुलगा म्हणेल, मुलगी 'विणतेय' म्हणेल. १५० टी-शर्ट दोन प्रकारांत छापणार का? दोन वेगळ्या फ्रेम, दोन वेगळे गठ्ठे, आणि वाटताना गोंधळ. मराठीत टी-शर्टवर 'मी' आणि वर्तमान किंवा भूतकाळाचं क्रियापद आलं की बहुतेक वेळा हे होतं. 'मी बदललो', 'मी परत आलो', सगळ्यांचं तेच.

सुटायचे मार्ग सोपे आहेत. अनेकवचनात भविष्यकाळ घ्या, 'आम्ही नव्याने विणू' दोघांनाही चालतं. किंवा क्रियापदच काढून टाका. 'वीण नवी' एवढे दोनच शब्द पुढे मोठे टाकलेत तरी पुरेसे आहेत, कारण पूर्ण ओळ गेटवर सगळ्यांनी वाचलेली असते.

आणि शुद्धलेखन. 'वीण' दीर्घ, पण 'विणू', 'विणकाम' ऱ्हस्व. एकाच टी-शर्टवर दोन्ही आले तर छपाईवाला एक 'सुधारून' दुसऱ्यासारखा करणार, हे मी बऱ्याचदा पाहिलंय.

फ्रेमवाला

शब्दांचं बरंच झालं, आता छपाईचं बघा. मी स्क्रीन प्रिंटिंग करतो, कॉलेजांची कामं दर हंगामात असतात. माझ्याकडे येणाऱ्या मुलांना हे कोणी आधी सांगत नाही.

गडद निळ्या टी-शर्टवर प्रत्येक रंगाला एक वेगळी फ्रेम. वर त्या रंगांखाली पांढरा थर द्यावा लागतो, नाहीतर पिवळा हिरवट आणि लाल तपकिरी दिसतो. म्हणजे मिठाईवाल्याचं बोधचिन्ह लाल-पिवळं, क्लासचं हिरवं, आणि पांढरा थर अशा चार फ्रेम झाल्या. फ्रेमचा खर्च नगावर नसतो, एकदाच लागतो, पण १५० नगांत तो जाणवतो. शिवाय चार रंग एकमेकांवर नेमके बसवायचे. जरा सरकलं की अक्षराच्या कडेने पांढरी रेघ डोकावते.

माझा सल्ला: पुढे-मागे सगळं फक्त पांढऱ्यात. पुढची एक फ्रेम, पाठीची एक. तिन्ही बोधचिन्हं पांढऱ्या एकरंगात पाठीवर. पण त्यासाठी प्रत्येक प्रायोजकाची आधी लेखी संमती घ्या, व्हॉट्सअ‍ॅपवर का होईना. काहींना त्यांचा लालच हवा असतो, आणि छापून झाल्यावर ते कळतं.

पुढची ओळ १० इंच रुंद धरा. 'वीण नवी' दोन शब्द, जाड अक्षरात झकास येतील. फॉन्ट बारीक घेऊ नका. 'ण'च्या दोन दांड्यांमधली फट आणि वेलांटीचं टोक ही छपाईत आधी बुजतात. मुक्ता, बलू हे फॉन्ट फुकट मिळतात, दोन्हींत जाड वजनं आहेत. अनुस्वाराचा ठिपका असलेली ओळ पाठीवर बारीक अक्षरांत घेणार असाल, तर नमुन्यात तो ठिपका आहे का ते बोट ठेवून बघा.

दूरदर्शी

बॅनरसाठी एक नियम सांगतो. दर १० फूट अंतराला १ इंच उंच अक्षर. रस्ता गेटपासून ४० फूट असेल तर ४ इंच अक्षर पुरे. आणि लांबून इंग्रजी जास्त लवकर वाचता येतं, म्हणून गेटवर इंग्रजीच घ्या.

फ्रेमवाला

नियम बरोबर, पण तो इंग्रजी मोठ्या अक्षरांचा आहे. देवनागरीत वर मात्रा-वेलांटी, खाली उकार, त्यामुळे ओळीची जी उंची तुम्ही संगणकावर मोजता, त्यातलं मधलं अक्षर साधारण निम्मंच असतं. ४ इंचाची ओळ म्हणजे २ इंचाचं अक्षर. म्हणून मराठी लांबून वाचता येत नाही असं वाटतं. शिरोरेषेपासून खालपर्यंतचं अक्षर ४ इंच धरा, मग मराठीही तेवढीच वाचता येते.

यांच्या गेटचाच हिशेब करून दाखवतो. बॅनर १२ फूट म्हणजे १४४ इंच. दोन्ही बाजूंना एकेक फूट सोडा, उरले १२० इंच. 'धागा तोच, वीण नवी' यात अक्षरं आठ: धा, गा, तो, च, वी, ण, न, वी. अक्षराचा गाभा ८ इंच उंच घेतला तर काना-वेलांटीसकट एक अक्षर सरासरी १० इंच रुंदी खातं. आठ गुणिले दहा ८०, शब्दांमधल्या तीन जागा चार-चार इंचाच्या, १२. एकूण ९२. म्हणजे ओळ एका रेघेत आरामात बसते, आणि ८ इंचाचं अक्षर ८० फुटांवरून वाचता येतं. दुचाकीवरून जाणाऱ्यालाही पुरेल.

याउलट 'जुनं विसरा, नवं घडवा, स्वतःला पुन्हा शोधा' असं काही घेतलं असतं तर दोन-तीन ओळी कराव्या लागल्या असत्या, अक्षर निम्म्यावर आलं असतं आणि प्रायोजकाचं नाव तळाशी दाबलं गेलं असतं.

तळाचं पण सांगतो. गेटजवळ गाड्या लागतात. बॅनरचा खालचा फूट-दीड फूट त्यांच्यामागे जातो. घोषवाक्य वरच्या अर्ध्यात, प्रायोजकाचं नाव मधे, आणि खाली फक्त तारीख-ठिकाण.

दूरदर्शी

गाभ्याचं लक्षात आलं. तरी मिश्र शहरात इंग्रजीचा फायदा असतो असं माझं मत आहे. इचलकरंजीत मात्र मराठीच ठीक.

पंचगंगाकाठ

फ्रेमवाला दादा, खूप मदत झाली. आज फ्लेक्सवाल्याकडे गेलो होतो. मी ओळ व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेली, त्याने नमुन्यात 'विण नवी' असं आणलं. वर क्लासच्या बॅनरवर त्यांच्या नावातली ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या पुढे जाऊन पडलेली. त्याला सांगितलं तर म्हणाला, मोबाईलवर बरोबर दिसत होतं.

फ्रेमवाला

ही दोन वेगळी दुखणी आहेत. 'विण' झालं कारण त्याने तुझा मजकूर जुन्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये हाताने परत टाइप केला. वेलांटी पुढे पडली कारण दुसऱ्या बॅनरला त्याने युनिकोड मजकूर जुन्या सॉफ्टवेअरमध्ये थेट चिकटवला, आणि त्या सॉफ्टवेअरला देवनागरीची जुळणी येत नाही. तिथे जोडाक्षरंही सुटतात, 'प्र'चा 'प्‌र' दिसतो.

उपाय एकच आहे. मजकूर तुम्ही स्वतः जुळवा, सगळी अक्षरं कर्व्ह करा, म्हणजे अक्षरांचे आकार करून टाका, आणि पीडीएफ द्या. मग त्याच्याकडे फॉन्ट असो नसो, काही हलत नाही. मात्र कर्व्ह केल्यावर शब्द बदलता येत नाहीत, म्हणून त्याआधी खडूफळा ताईंसारख्या कोणाला तरी वाचायला द्या. आणि प्रायोजकांची बोधचिन्हं व्हॉट्सअ‍ॅपच्या फोटोवरून घेऊ नका. १२ फुटांवर ताणली की चौकोन-चौकोन दिसतात. त्यांच्या पाटीवाल्याकडे सीडीआर किंवा पीडीएफ असते, ती मागा.

सायझिंगवाला

एक कल्पना. सूत व्यापाऱ्याकडून पैशांबरोबर ग्रे कापड, म्हणजे मागावरून उतरलेलं न धुतलेलं कापड मागा. आतले छोटे बॅनर फ्लेक्सऐवजी गावातच विणलेल्या कापडावर छापा. 'सूत तुमचं, वीण आमची' तेव्हा अक्षरशः खरं होईल.

पण ग्रे कापड आणून थेट छापू नका. त्याच्यावर विणण्याआधी धाग्याला लावलेली सायझिंगची कांजी असते, शाई आत शिरत नाही, वरच बसते आणि घडीवर तडकते. आधी प्रोसेसवाल्याकडून कांजी काढून धुऊन घ्या. धुतल्यावर कापड आटतं, म्हणून लांबी-रुंदी थोडी जास्त धरा. कापड आता शाई शोषेल का ते बघायचं असेल तर त्यावर पाण्याचा थेंब टाका. लगेच शोषला तर काम झालं, मण्यासारखा बसून राहिला तर परत धुवा.

फ्रेमवाला

हे शंभर टक्के. पाण्याच्या शाईने छापलेलं धुतलेलं सुती कापड फ्लेक्सपेक्षा कितीतरी चांगलं दिसतं, प्रकाशात चमकत नाही म्हणून फोटोही नीट येतात. गेटवर मात्र फ्लेक्सच ठेवा, वारा आणि दव आहे. दर दोन फुटांवर आयलेट मारून घ्या.

कोथरूडकर

गेट रस्त्याला लागून आहे का? असेल तर महापालिकेची परवानगी घ्या. १९९५ चा विद्रूपीकरण प्रतिबंध कायदा आहे, विनापरवाना बॅनर काढून नेतात आणि गुन्हाही नोंदवतात. आमच्या मंडळाचा असाच उचलून नेला होता, पैसे भरलेला प्रायोजक आमच्यावर नाराज.

अमळनेरचा

विषय नव्याने उभं राहण्याचा आहे म्हणून सांगतो. आमच्या अमळनेरला १९४५ मध्ये वनस्पती तुपाची कंपनी निघाली, तीच पुढे विप्रो झाली. टी-शर्टवर 'तुपातून संगणक' असं काही टाकता येईल.

निशिगंध

गोष्ट खरीच मोठी आहे, आणि मंचावर निवेदनात सांगायला उत्तम. पण टी-शर्टवर दुसऱ्या कंपनीचा उल्लेख आणि पाठीवर आपले प्रायोजक, हे जुळत नाही. पैसे न देणाऱ्याची जाहिरात पुढे आणि देणाऱ्याची मागे असं दिसेल.

मागवाला_आबा

मग टी-शर्टच्या बाहीवर '१९०४ पासून' टाका. गाव कशामुळे बदललं ते कळू दे पोरांना.

खडूफळा

आबा, कल्पना सुंदर आहे, पण बाहीवर नुसतं '१९०४ पासून' लिहिलं की ते कॉलेजच्या किंवा मिठाईच्या दुकानाच्या स्थापनेचं साल वाटेल. 'पहिला माग १९०४' असं लिहिलंत तर गैरसमज होणार नाही.

फ्रेमवाला

बाहीला तिसरी फ्रेम लागेल, एवढं लक्षात ठेवा. छोटी असते, पण प्रत्येक टी-शर्ट पुन्हा टेबलावर चढवावा लागतो, मजुरी त्याची जाते.

पंचगंगाकाठ

समितीची बैठक झाली. ठरलेलं असं:

गेट: 'धागा तोच, वीण नवी', खाली मिठाईवाल्यांचं नाव.
आतले कापडी बॅनर: 'चव तीच, पंगत नवी', 'सूत तुमचं, वीण आमची', 'कोरी वही, नवी सही'.
टी-शर्ट: पुढे 'वीण नवी', पाठीवर 'आम्ही नव्याने विणू' आणि तिन्ही बोधचिन्हं, सगळं पांढऱ्यात.
प्रदर्शन: 'धोटा गेला, वीण राहिली', शेजारी आबांचा धोटा (आबा, फोन करतोय).

सूत व्यापारी आणि क्लास दोघांनी पांढऱ्या बोधचिन्हाला होकार दिला. मिठाईवाल्या काकांना ओळ आवडली, पण बोधचिन्ह लालच हवं म्हणतायत. 'सूत जुळलं'वर मुलींचं अजून ठरलेलं नाही. बाहीचं पण पैशांवर अडकलंय.

फ्रेमवाला

काकांसाठी एक करून बघ. गेटच्या फ्लेक्सवर आणि त्यांच्या कापडी बॅनरवर बोधचिन्ह लाल ठेव, कारण फ्लेक्सवर रंगांना वेगळा खर्च नाही. टी-शर्टवर पांढरंच, पण बाकी दोघांच्या दीडपट आकारात आणि सगळ्यात वर. निळ्या कापडाच्या तुकड्यावर लाल आणि पांढरं दोन्ही छापलेला एक नमुना त्यांना हातात नेऊन दाखव, लाल गडद निळ्यावर किती दबतो ते त्यांना स्वतः दिसेल. माझ्याकडे जुन्या कामाचा तसा तुकडा पडलेला आहे, पत्ता निरोपातून कळव, कुरिअर करतो.

पंचगंगाकाठ

दादा, पत्ता पाठवला. तुकडा आला की काकांकडे जाऊन येतो आणि इथे कळवतो.